आजींच्या वर्गात 'ग गणपतीचा' नको : नागपुरात प्रौढ साक्षरता वर्ग घेणाऱ्या नवख्यांसाठी

उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या सभागृहात मी काही वर्षं आज्यांचा वर्ग घेते. बहुतेकींनी साठी ओलांडली आहे, काही सत्तरीच्या पुढे आहेत. दर उन्हाळ्यानंतर दोन-तीन नवी मुलंमुली शिकवायला येतात. डी.एड. झालेली असतात किंवा कॉलेजात असतात, मनापासून येतात, आणि पहिल्याच दिवशी पिशवीतून मुळाक्षरांचा रंगीत तक्ता काढतात. तो तक्ता मी परत पिशवीत ठेवायला लावते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख. सगळं शिकवणं यात मावणार नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत अक्षरओळख, आकडे आणि सही कशी करून घ्यायची, एवढंच लिहिते. नवखे शिक्षक अडकतात ते इथेच.

वर्ग भरवण्याआधी

वेळ दुपारी तीन ते साडेचार ठेवा. सकाळी आज्यांच्या मागे नातवंडांचे डबे असतात, संध्याकाळी स्वयंपाक आणि मालिका. दुपारच्या वेळेचं दुसरं कारण उजेड. म्हाताऱ्या डोळ्यांना तरुण डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, आणि विहारात किंवा समाजभवनात एक ट्यूबलाइट असते तीही मधोमध. आज्यांना खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड वहीवर पडेल. डोळ्यांवर पडला तर त्या काही बोलत नाहीत, नुसत्या डोळे बारीक करून बसतात. एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या उन्हात दुपारी कुणाला बोलावू नका. सकाळी आठला अर्धा तास जमला तर घ्या, नाहीतर सरळ सुट्टी द्या.

एका शिकवणाऱ्यामागे सहा ते आठ जणी पुरे. वर्ग दीड तासाचा असला तरी अक्षरांवर डोळे रोवून बसण्याचा वेळ सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मधे बोलणं होऊ द्या. ते वाया जात नाही, पुढे कळेलच.

पहिल्या दिवशी प्रत्येकीशी नुसतं बोला, पण दोन गोष्टी काढून घ्या. एक, घरात कोणती भाषा बोलतात. आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या जास्त, पण हिंदी आणि छत्तीसगढीवाल्याही आहेत. दुसरी, त्या खरोखर कोऱ्या आहेत का. 'मले काईच येत नाई' असं सगळ्याच म्हणतात. पण पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी पहिलीत दोन-चार महिने बसलेली एखादी निघतेच, आणि तिला र, म, क दिसल्यावर ओळखू येतात. चार-पाच कार्डांवर घर, बस, दवाखाना असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि सहज विचारा. मात्र याला परीक्षेचं रूप आलं की दुसऱ्या दिवशी अर्ध्या जणी येणार नाहीत.

हाक 'आजी', 'मावशी' किंवा नावापुढे 'बाई' अशी मारा, आणि 'तुम्ही' म्हणा. वर्गात बसली म्हणून 'तू' आणि 'शाब्बास' सुरू करू नका. एका नव्या मुलीनं एका आजींना 'शाब्बास बाळा' म्हटलं होतं. आजी हसल्या, घरी गेल्या, आठवडाभर आल्याच नाहीत.

आधी डोळे, मग अक्षर

मुलाला अक्षर ओळखता आलं नाही तर ते लक्षात राहिलं नाही असं धरून चालता येतं. आजींच्या बाबतीत आधी विचारायचं, दिसतंय का? हा फरक ज्या शिक्षकाच्या ध्यानात येत नाही, तो महिनाभर चष्म्याचा प्रश्न अक्षरं घोटून सोडवत बसतो.

ओळखायचं कसं? फळ्यावरचं अक्षर पटकन सांगतात, पण तेच वहीत सांगता येत नाही, वही हात लांब करून धरतात, तर जवळचा चष्मा हवा. फळ्यावरचंही धूसर दिसतं, उजेडाकडे पाहिलं की डोळे दिपतात, एक डोळा मिटून पाहतात, तर मोतीबिंदूची शंका घ्या आणि मेयो किंवा मेडिकलच्या नेत्रविभागात तपासून घ्यायला सांगा. रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा काहींना चालून जातो, पण दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असला की डोकं दुखतं, आणि दोष अभ्यासाला लागतो. 'वाचलं का डोस्कं दुखते' हे वाक्य ऐकलं की मी आधी चष्मा मागून पाहते.

ज्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा आहे, त्यांचं जवळचं भिंग खालच्या अर्ध्यात असतं. भिंतीवर लावलेलं कार्ड जवळून वाचायला त्यांना मान वर करावी लागते, आणि पाच मिनिटांत मान धरते. अशांच्या पुढे चौरंग ठेवा आणि कार्ड त्यावर टेकवा. कार्डावरचं अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं तरी असावं, काळ्या स्केचपेनानं पांढऱ्यावर. रंगीत कागदावर रंगीत अक्षर मुलांना आवडतं, आज्यांना दिसत नाही.

कानाचंही तसंच. पाठीमागे उभं राहून उच्चार सांगू नका, समोर बसा. प आणि त, म आणि न हे फरक त्या निम्मे तुमच्या ओठांवरून ओळखतात.

तक्ता का नको

मूल शाळेत येतं तेव्हा बोलणं, मोजणं, बसणं, लिहिणं, सगळं एकदमच शिकत असतं. त्याच्याकडे वर्षं असतात आणि रोजचे पाच तास असतात. बाराखडी अर्थ न कळता घोकली तरी ती डोक्यात बसते आणि पुढे कधीतरी कामाला येते. आज्यांकडे आठवड्याचे तीन दिवस, तेही पोळा, मारबत, लग्नं, दुखणी वगळून. अर्थ नसलेली गोष्ट दोन दिवसांच्या खंडात निसटते. उलट भाषा त्यांच्याकडे पुरेपूर आहे. त्यांना शब्द शिकवायचाच नाही. तोंडातला शब्द कागदावर कसा दिसतो, एवढंच दाखवायचं आहे.

चित्रांचा तक्ता त्यात आणखी एक घोळ करतो. माझ्याकडच्या एका आजींना 'ग गणपतीचा' असं कुणीतरी आधी शिकवलं होतं. त्यांना 'गार' वाचायला दिलं तर म्हणाल्या, "गणपती... र." हसण्यासारखं नाही, त्यांनी शिकवलं तसंच वाचलं. त्यांच्या दृष्टीनं त्या आकाराचं नावच गणपती. मूलही ही चूक करतं, पण रोजच्या वाचनात ती पुसली जाते. आजींची पुसायला मला दीड महिना लागला. आणि शब्दाखाली चित्र असलं की त्या चित्र पाहून शब्द सांगतात. आयुष्यभर खुणांवरूनच त्यांनी काम चालवलंय, त्यात त्या तरबेज आहेत. तुम्हाला वाटतं वाचता आलं. म्हणून माझ्या वर्गात चित्र नाही.

नावातून अक्षरं

मग सुरुवात कशानं? त्यांच्या स्वतःच्या नावानं. एक उदाहरण अखेरपर्यंत नेऊन दाखवते. आपण या आजींना गिरजाबाई म्हणू. वय अडुसष्ट, पूर्वी हातमागावर काम केलेलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या.

पहिल्या दिवशी एका लांब कार्डावर 'गिरजा' लिहिलं आणि म्हटलं, "आजी, हे तुमचं नाव." लिहायला लावलं नाही. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. बोट फिरवलं. "हे माह्यं नाव व्हय? एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. ते कार्ड त्यांनी घरी नेलं.

दुसऱ्या बैठकीत तेच नाव दुसऱ्या कार्डावर लिहून त्यांच्यासमोर कात्रीनं कापलं : गि, र, जा. तुकडे विस्कटले आणि लावायला सांगितले. मधला 'र' त्यांनी लगेच ओळखला, कारण त्याला ना काना ना वेलांटी. इथे घाई करायची नाही. तिन्ही तुकडे कोणत्याही क्रमानं दाखवले तरी न अडखळता आवाज निघेपर्यंत हाच खेळ. गिरजाबाईंना तीन बैठका लागल्या, काहींना सहा लागतात.

मग 'जा'चा काना झाकला आणि विचारलं, आता काय राहिलं? इथे पहिल्यांदा त्यांना कळतं की अक्षराला जोडलेली उभी रेघ आवाज लांबवते. ज, जा. र, रा. 'गि'मधली वेलांटी झाकून ग, आणि काना देऊन गा. झालं, तीन अक्षरं आणि एक काना. एवढ्या भांडवलात किती शब्द होतात पाहा : गार, राग, जागा, राजा, रजा, गरज, गजर, गाजर. सगळे गिरजाबाईंच्या तोंडातले. 'गाजर' वाचल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "बाजारात पाटीवर असंच लिवते का?" असंच लिहितात.

पुढचं नाव शेजारच्या आजींचं घ्या. ते कमल असेल तर क, म, ल मिळाले. दोघींची अक्षरं एकत्र केली की काम, मका, माल, कलम, गरम, लगाम, आणि पंधरवड्याच्या शेवटी 'कामगार'. चार अक्षरी शब्द वाचला की वर्गाचा नूर बदलतो. सहा-आठ जणींची नावं संपेपर्यंत बरीचशी मुळाक्षरं आणि मात्रा येऊन जातात, आणि प्रत्येक अक्षराला एक मालकीण असते. 'म' विसरला तर "हा कोणाचा?" एवढं विचारलं की आठवतं.

उरलेली अक्षरं मात्र क्रमानं घेऊ नका. दिसायला सारखी असलेली एका आठवड्यात कधीच आणू नका : घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. पैकी एक पक्कं झाल्यावर महिन्यानं दुसरं. 'ख' छापलेला पाहून अनेकजणी 'रव' वाचतात, त्यात डोळ्यांचा किंवा डोक्याचा दोष नाही, तो तसा दिसतोच.

वाचताना कुठे अडतं

अक्षरं येतात पण शब्द होत नाही, ही तक्रार सगळे नवे शिक्षक घेऊन येतात. आजी म्हणतात 'गा', थांबतात, 'ज', थांबतात, 'र', आणि मग म्हणतात 'गारज'. तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचताना आधीच्यांचा क्रम निसटलेला असतो. यावर 'पुन्हा वाचा' हा उपाय नाही. कोऱ्या कार्डानं शब्द झाका आणि सावकाश उघडत न्या : गा. मग गाज. मग गाजर. प्रत्येक वेळी आधीचं एकत्र म्हणूनच पुढे जायचं. बोट अक्षरा-अक्षरावर टोचायचं नाही, खालून सरकवत न्यायचं.

याची मर्यादाही आधीच ओळखून ठेवा. उतारवयात शिकलेल्यांचं वाचन वर्षानुवर्षं अक्षर-अक्षर जुळवतच चालतं. मुलाला वर्षा-दोन वर्षांत शब्द एका नजरेत दिसायला लागतो, आज्यांना फक्त नेहमीचे शब्द तसे दिसतात. वाक्य लांब असलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून धडे वाचून दाखवण्याच्या मागे लागू नका. तेच पन्नास-साठ शब्द, चार-पाच शब्दांच्या वाक्यांत, पुन्हा पुन्हा. बसची पाटी, दवाखान्यातल्या खोलीवरचं नाव, रेशन दुकानाचा फलक, लग्नपत्रिकेतली नावं यांना एवढी गती पुरते. वर्तमानपत्राला पुरत नाही, आणि ते त्यांना खोटं सांगू नये.

वेलांटीचं वेगळंच. 'गि' म्हणताना ग आधी ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. डावीकडून उजवीकडे वाचायचं हे आपणच शिकवलेलं, म्हणून त्या वेलांटीपाशी थबकतात. मी सांगते, वेलांटीला घरमालक समजू नका, दारातला पाहुणा समजा. आधी घर कुणाचं ते बघा, मग पाहुणा. लिहिताना आधी अक्षर काढून मग वेलांटी दिली तरी चालते.

आता आपल्या भागातली खास अडचण. इकडच्या बोलीत ळ चा य होतो आणि ण चा न. आजी 'डोया' म्हणतात, 'काया' म्हणतात, 'पानी' म्हणतात. 'डोळा' हा शब्द त्या अक्षरं जुळवून बरोबर वाचतात आणि मग विचारतात, "म्हंजे काय?" मुलाला शाळेत प्रमाण भाषा नव्यानं मिळते, त्याचं काही बिघडत नाही. आजींची 'डोया' सत्तर वर्षांची आहे. ती दुरुस्त करायला जाऊ नका. एवढंच सांगा की छापणारे डोळा लिहितात, आपण डोया म्हणतो, दोन्ही एकच. ळ आणि ण मी सगळ्यात शेवटी घेते. आणि लिहिताना कुणी 'पानी' लिहिलं तर लाल शाई काढू नका, ज्या आजी बोलीतला आवाज बरोबर अक्षरांत उतरवतात त्यांना लेखन कळलेलं असतं.

जोडाक्षरं सुरुवातीला शिकवू नका. 'महाराष्ट्र', 'दीक्षाभूमी' हे शब्द रोज दिसतात, ते अख्खे ओळखू द्या.

हात

लिहिणं वाचण्याच्या महिनाभर मागे ठेवा. बोटांचे सांधे धरलेले असतात, पेन्सिल घट्ट पकडतात, दहा मिनिटांत मनगट दुखतं. जाड पेन्सिल द्या किंवा साधीला सुती चिंधी गुंडाळा. बॉलपेन निसटतं. पाटी-पेन्सिल मुलांना चालते, पण पाटीवरची रेघ फिकट असते, आज्यांना दिसत नाही. रुंद ओळींची वही आणि मऊ, काळी उमटणारी पेन्सिल बरी.

पुष्कळ लोक रांगोळीचा उपाय सांगतात : हात रांगोळीला बसलेलाच आहे, अक्षरही काढवून घ्या. मी करून पाहिलं. आकार ध्यानात राहायला उपयोग होतो, पण रांगोळी मनगट आणि खांद्यानं जाते, पेन्सिल बोटांनी. रांगोळीत सुरेख 'क' काढणाऱ्या आजींना वहीत तो जमेलच असं नाही. तिथे नाराज होऊ नये.

आकडे : नोटा आधी, सुटे नंतर

हिशेबात त्या तुम्हाला ऐकणार नाहीत. सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे तोंडावर असतं. दीड किलो वांग्यांचे पैसे त्या तुमच्या आधी सांगतात. म्हणून बेरीज शिकवू नका, आकडा दाखवा.

अडचण आपल्या मोजण्यातच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर. ऐकलं तसं लिहिलं तर होतं ५२. जवळजवळ सगळ्या जणी सुरुवातीला हेच करतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं म्हणण्याची पद्धत आणली, तेव्हा मोठा वाद झाला. मुलांसाठी ती सोय असेल, पण आज्यांना पंचवीस आधीच येतं, 'वीस पाच' ही त्यांना तिसरीच भाषा. मी खऱ्या पैशानं करते. दहाच्या दोन नोटा डावीकडे, रुपयाची पाच नाणी उजवीकडे. हे किती? पंचवीस. आता नोटा मोजून डावीकडे लिहा : २. सुटे मोजून उजवीकडे : ५. बोलताना सुटे आधी येतात, लिहिताना नोटा आधी. हे एक वाक्य वर्गात महिनाभर चालतं. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र सगळ्यात शेवटी घ्या, कारण 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो आणि नोटा दोनच असतात.

दुसरा प्रश्न, आकडे मराठी की इंग्रजी? मोबाइल, बसचा नंबर, गॅसचं बिल, पासबुक, सगळीकडे इंग्रजी आकडे. दोन्ही एकदम शिकवले तर घोटाळा पक्का, कारण काही जोड्या एकमेकींसारख्या दिसतात : मराठी १ आणि इंग्रजी 9, मराठी ४ आणि इंग्रजी 8, मराठी ५ आणि इंग्रजी 4. मुलाचा एक गुण जातो, आजींचा फोन भलत्याला लागतो किंवा त्या भलत्या बसमध्ये चढतात. माझं मत, आधी फक्त इंग्रजी, फोनवरचे. मुलाचा नंबर कागदावरून पाहून स्वतः लावता आला की पहिला टप्पा झाला. मराठी आकडे दोन महिन्यांनी. ते दाखवायला नोटच घ्या, हल्लीच्या नोटांवर दोन्ही आकडे छापलेले असतात. आज्या नोटा रंगावरून ओळखतात, जांभळट शंभर, पिवळी दोनशे, करडी पाचशे, त्यामुळे किंमत माहीतच असते आणि दोन्ही आकडे तिच्यावर ताडून पाहता येतात.

निराधार किंवा श्रावणबाळचे पैसे जमा झाल्याचा संदेश वाचता यावा, अशी इच्छा बऱ्याच जणींची असते. तो संदेश बहुधा इंग्रजीत येतो. मराठी वाचायला शिकूनही तो वाचता येणार नाही, पण त्यातला रकमेचा आकडा ओळखता येतो आणि तेवढ्यानं काम भागतं. हे पहिल्याच महिन्यात सांगून टाका.

सही : यायला लागली की लगेच बँकेत नेऊ नका

घरचे लोक आणि उत्साही कार्यकर्ते सगळ्यात आधी सही मागतात. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं, त्यानंतरच्या काळात कुठल्या ना कुठल्या वर्गात सही शिकलेल्या दोन-तीन जणी माझ्याकडे आहेत. सही येते, बाकी काही नाही. ती सही म्हणजे चित्र असतं. तपासायचं सोपं आहे. नावातलं फक्त दुसरं अक्षर वेगळं लिहायला सांगा. नावाच्या सुरुवातीपासून काढत त्या अक्षरापर्यंत यावं लागलं, तर ते चित्र. आमच्या पद्धतीत सही अडीच-तीन महिन्यांनी येते, तुकडे आधी आलेले असतात.

यात माझ्या हातून एक चूक झाली. एका आजींना तिसऱ्याच महिन्यात मी हौसेनं एका बँकेत घेऊन गेले आणि अंगठ्याऐवजी सही नोंदवून घेतली. फोटो काढला, पेढे वाटले. पुढच्या महिन्यात पैसे काढायची स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. पुन्हा लिहिली, पुन्हा परत. काउंटरवर मागे रांग, हात थरथरतोय, सही आणखीच वेगळी. तिसऱ्या फेरीला अधिकाऱ्यांनी समोर बसवून करून घेतली. त्या दिवशी आजी मला म्हणाल्या, "अंगठाच बरा होता बाई, तो बदलत नाई." बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासूनचा नियम : तारीख टाकून रोज एक, अशा वीस सह्या वहीत घ्यायच्या, आधीची झाकून. विसाव्या दिवशी सगळ्या शेजारी ठेवून पाहायच्या. अक्षरांचा क्रम, वेलांटी-काना आणि शिरोरेघ सगळीकडे सारखी दिसली तरच बँकेत जायचं. सही छोटी ठेवा, फक्त नाव पुरे, आडनाव आलं की बदलायला जागा वाढते. बँकेत आजींनी स्वतः जायचं, पासबुक, ओळखपत्र आणि फोटो घेऊन. नवी सही नोंदली गेल्याचं विचारून खात्री होईपर्यंत जुनाच व्यवहार चालू ठेवायचा.

खंड पडल्यावर

नवरात्र, दिवाळी, नातीचं बाळंतपण. महिनाभर गायब झालेल्या आजी परत येतात तेव्हा दारातच म्हणतात, "सगळं विसरली मी." त्यांना वर्गाच्या पुढच्या कार्डावर बसवू नका. त्यांच्या नावाचे तुकडे काढा आणि तिथून सुरू करा. पहिल्यांदा जे पाच आठवड्यांत झालं ते आता आठ-दहा दिवसांत परत येतं. वर्गात नवीन कुणी आलं असेल तर या आजींकडून त्यांना स्वतःचं नाव दाखवायला लावा. उजळणी आपोआप होते.

चाचणीला बसवायचं असेल तर

केंद्राच्या उल्लास योजनेत, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात, १५ वर्षांवरच्या कुणालाही नोंदवता येतं, वरची वयोमर्यादा नाही. जवळच्या शाळेत जाऊन आजींची शिकणारी म्हणून आणि तुमची स्वयंसेवक म्हणून नोंद करून घ्या. मूल्यमापन चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. राहिलं तर पुढच्या वेळी बसता येतं. गिरजाबाईंसारख्या आजींना पहिल्या वर्षी नेण्याचा आग्रह मी धरत नाही. बाकावर बसून सलग लिहायचं असतं आणि पेपरवरचा ठसा आमच्या कार्डापेक्षा लहान असतो, म्हणून आधी दोन-तीनदा तसा कागद देऊन बसवा. चष्मा पिशवीत आहे का ते निघण्यापूर्वी पाहा.

पेपरवर पूर्ण नाव लिहायचं असतं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. सराव करून घेताना माझ्याकडच्या एक आजी दर वेळी मधल्या नावापाशी थांबायच्या. मी समजले, अक्षर येत नाही. कार्ड केली, तुकडे केले, आठवडा घालवला. शेवटी शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं : "मॅडम, त्या मालकाचं नाव घेत नाईत." अक्षरं सगळी येत होती. लिहून दाखवा म्हटल्यावर त्यांनी एका झटक्यात लिहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हा लेखन करून घ्या, पण ते नाव मोठ्यानं वाचायला लावू नका. उखाण्यात घेतलं तर चालतं म्हणाल्या.